आधी कान पाहा, चेहरा मागून : चेहरा बदललेला फोटो कसा ओळखायचा

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा पूर येतो. समजा त्यात एक फोटो असा आला: टिनाचा शेड, खाली प्लास्टिकचं टेबल, टेबलावर दारूची बाटली आणि चार ग्लास, आणि मधल्या खुर्चीवर सरपंचपदाला उभे असलेले पंचावन्न वर्षांचे गृहस्थ. गाव वर्धा जिल्ह्यातलं, म्हणजे दारूबंदीतलं. त्यामुळे फोटोची किंमत दुप्पट. तासाभरात ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, "हे तं भाऊच हाय, डोये पाय ना त्याईचे." दुसरा म्हणतो, "नाही बावा, फोटो जोडेल हाय." दोघंही फोटो मोठा करून चेहऱ्याकडेच पाहत असतात, आणि तिथेच दोघांचं चुकतं.

चेहरा बदललेल्या फोटोत चेहरा त्या माणसाचाच दिसणार. तो तसा दिसावा म्हणूनच तर खटाटोप केलेला असतो. डोळे भाऊंचे, नाक भाऊंचं, ओठ भाऊंचे, म्हणून फोटो खरा, हा युक्तिवाद इथे कामाचा नाही. पाहायचं ते चेहऱ्याच्या भोवती: कान, जबड्याची कड, कपाळ, केसांची रेघ आणि मान. कारण हा सगळा भाग दुसऱ्याच माणसाचा असतो.

ठिगळ कुठून कुठपर्यंत असतं

चेहरा बदलणाऱ्या प्रोग्रामला दोन फोटो लागतात. एक मूळ प्रसंगाचा, ज्यात कोणीतरी अनोळखी माणूस टेबलाशी बसलेला आहे. दुसरा ज्याला गोवायचं त्याच्या चेहऱ्याचा, बहुतेक वेळा प्रचाराच्या बॅनरवरूनच उचललेला. प्रोग्राम मूळ फोटोतले दोन डोळे, नाकाचं टोक आणि ओठांची दोन टोकं शोधतो, त्या आधारे चेहरा सरळ करून एक चौकोन कापतो, त्या चौकोनात नवा चेहरा तयार करतो आणि पुन्हा होता त्या जागी, होता त्या कोनात बसवतो. सर्वाधिक वापरलं जाणारं एक मॉडेल हा चौकोन फक्त 128 × 128 पिक्सेलचा करतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बसवताना पूर्ण चौकोन चिकटवत नाहीत. त्यातला लांबट गोल भागच घेतात: वर भुवयांच्या थोडं वर, खाली हनुवटी, दोन्ही बाजूंना कानांच्या अलीकडे गालापर्यंत. हेच ते ठिगळ. त्याच्या बाहेरचे केस, कान, मान, खांदे, हात, सगळं मूळ माणसाचं जसंच्या तसं राहतं. ठिगळाची कड दिसू नये म्हणून ती काही पिक्सेलपर्यंत पुसट करतात, म्हणजे आतला रंग हळूहळू विरत बाहेरच्या रंगात मिसळतो. शिवाय रंगही जुळवतात. त्यासाठी जुन्या पण अजून वापरात असलेल्या दोन पद्धती आहेत. 2001 साली मांडलेल्या एका पद्धतीत एका भागाच्या रंगांची सरासरी आणि पसारा दुसऱ्या भागासारखा करतात. 2003 मधल्या दुसरीत कडेवरचा रंग बाहेरच्याशी तंतोतंत जुळवून तो फरक आतपर्यंत पसरवतात. दोन्ही पद्धती रंगाची तडजोड करतात. उजेड कुठून पडतोय, हे त्यांना कळत नाही.

एक महत्त्वाची गोष्ट: अशा प्रोग्राममध्ये चेहऱ्याची ओळख भाऊंची येते, पण हावभाव आणि मानेचा कल मूळ माणसाचाच राहतो. म्हणून "बॅनरवरच्या फोटोत ते हसत आहेत, यात तोंड उघडं आहे, मग हा वेगळा फोटो असणार" हाही पुरावा नाही. हाताने कापून चिकटवलेल्या जुन्या पद्धतीच्या फोटोत मात्र बॅनरवरचंच हसू जसंच्या तसं येतं. तिथे पूर्ण डोकं केसांसकट उचललेलं असतं, त्यामुळे जोड मानेवर, कॉलरपाशी आणि केसांच्या बाहेरच्या कडेला सापडतो. म्हणजे पहिला प्रश्न नेहमी हाच: ठिगळ फक्त चेहऱ्याचं आहे की अख्ख्या डोक्याचं? शोधायची जागा त्यावर ठरते. आणि अख्खा फोटोच संगणकाने तयार केलेला असेल, तर त्यात ठिगळच नसतं. तिथे ही रीत चालत नाही.

पाहण्याआधी फाइल नीट मिळवा

ग्रुपवरच्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तपासू नका. व्हॉट्सॲप साध्या दर्जात फोटो पाठवताना त्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर आणतं आणि पुन्हा दाबून साठवतं. स्क्रीनशॉटमध्ये त्यावर आणखी एक थर चढतो. ज्याने ग्रुपवर आधी टाकला, त्याला तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. निदान त्यापुढची घट होत नाही. फोटो कधी आणि कोणत्या फोनने काढला ही माहिती मात्र व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत बहुधा उरलेली नसते. ती नाही म्हणून फोटो बनावट ठरत नाही.

मग चेहरा किती मोठा आहे ते मोजा. गॅलरीत फोटोची प्रत करा, ती एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आणि केसांपासून हनुवटीपर्यंत क्रॉप करा, आणि तपशिलात तिचं माप पाहा. आपल्या उदाहरणात ते 210 × 280 पिक्सेल आलं असं धरू. साधारण ठोकताळा असा, की रुंदी 200 च्या वर असेल तर कडा आणि रंग दोन्ही तपासता येतात. 100 च्या खाली असेल, तर सरळ "सांगता येत नाही" म्हणावं. वीस जणांच्या ग्रुप फोटोतल्या मागच्या रांगेतल्या चेहऱ्याबद्दल छातीठोक बोलणारा माणूस अंदाजच करत असतो, बाजूने बोलो की विरुद्ध.

कान: सगळ्यात स्वस्त तपासणी

यासाठी ॲपही लागत नाही. ठिगळ कानाच्या अलीकडे संपतं, म्हणजे फोटोतला कान मूळ माणसाचा. कानाची ठेवण माणसागणिक बदलते आणि एकाच माणसाची वर्षानुवर्षं साधारण तशीच राहते. भाऊंचा खात्रीचा एक फोटो घ्या, शक्य तितक्या त्याच कोनातला, आणि दोन्ही कान शेजारी ठेवा. पाळी गालाला चिकटलेली आहे की सुटी लोंबते? कान टोचल्याची खूण आहे का? वरची घडी गोल आहे की टोकदार? कानाचा वरचा काठ भुवयांच्या पातळीला येतो की खाली? गावात ही तपासणी बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा घरचा माणूस चांगली करतो.

आपल्या फोटोत पाळी चिकटलेली आहे, आणि भाऊंच्या खऱ्या फोटोत ती सुटी, टोचल्याच्या खुणेसह. डोकं वर-खाली झुकलं तर कानाची उंची बदलल्यासारखी वाटू शकते, पण चिकटलेली पाळी सुटी होत नाही. इथे शंका पक्की व्हायला लागते. मात्र कान केसांत, टोपीत किंवा दुपट्ट्यात झाकला असेल, तर ही वाट बंद.

रंग: अंधार-उजेड नव्हे, लाल-हिरवा-निळ्याचं प्रमाण

"तोंड गोरं, मान काळी" एवढ्यावरून फोटो बनावट म्हणणाऱ्यांनी वैशाखात आपल्याच शिवारात एक फेरी मारावी. विदर्भाच्या उन्हात उघड्यावर काम करणाऱ्या माणसाचं तोंड, मान आणि हात यांचे रंग खरोखर वेगळे असतात. टोपी घालणाऱ्याच्या कपाळावर आडवी रेघ असते. वर उजळ, खाली रापलेलं. स्कार्फ बांधून निंदणीला जाणाऱ्या बाईचे डोळे आणि नाकाचा भाग वेगळा, गाल वेगळे. शर्टाच्या कॉलरखाली माणूस दोन छटा उजळ असतो. शिवाय हनुवटीची सावली मानेवर पडतेच. तेव्हा चेहरा आणि मानेचा मधला भाग यांची थेट तुलना जवळपास निरुपयोगी आहे.

तुलना करायची ती एकमेकांना लागून असलेल्या, एकाच उजेडातल्या भागांची: कान आणि त्याला चिकटलेला गाल, मानेची बाजू आणि वरचा जबडा. पहिली पायरी फोनवरच करता येते. Snapseed या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये फोटो उघडा, `Tune Image` मध्ये जाऊन `Saturation` +100 करा. खऱ्या फोटोत गाल, कान आणि मान सगळेच एकत्र नारिंगी होतात, कमी-जास्त गडद. ठिगळ असेल तर चेहऱ्याचा लांबट गोल गुलाबी किंवा राखाडीकडे झुकतो आणि भोवतीची कातडी नारिंगी राहते. असा गोल दिसला, तर तो कशाच्या आकाराने जातो ते पाहा. उन्हाने पडलेली रेघ कपड्याच्या काठाने जाते: टोपी, कॉलर, स्कार्फ. ठिगळाची रेघ चेहऱ्याच्या आत लांबट गोल फिरते, आणि तसा कोणताही कपडा नसतो.

दुसरी पायरी आकड्यांची. संगणकावर GIMP हा मोफत प्रोग्राम असेल, तर त्यातला `Color Picker` घ्या, `Sample average` सुरू करा आणि आपल्या मापाच्या चेहऱ्यासाठी त्रिज्या 5 च्या आसपास ठेवा, म्हणजे एका पिक्सेलच्या डागावर भरवसा राहत नाही. घाम चमकतोय ती जागा टाळा, दाढीचे खुंट टाळा. आपल्या उदाहरणात चार ठिकाणचे आकडे असे आले असं धरू. कान: लाल 148, हिरवा 108, निळा 84. मानेची बाजू: 139, 101, 79. हाताची मागची बाजू: 152, 111, 87. आणि गाल: 171, 131, 116.

गाल जास्त उजळ आहे, पण तेवढ्याला महत्त्व नाही. लाल 100 धरून बाकीचे दोन काढा. कानाचे येतात 73 आणि 57. मानेचे 73 आणि 57. हाताचेही 73 आणि 57. गालाचे मात्र 77 आणि 68. सावली पडली की तिन्ही रंग साधारण सारख्याच पटीत उतरतात, म्हणून एकाच माणसाच्या कातडीचं हे प्रमाण अंधार-उजेडाने फारसं हलत नाही. दोन-चारचा फरक कोणत्याही फोटोत सापडेल. पण निळ्यात एकदम 11 ची उडी, तीही कान आणि गाल यांच्यामधल्या बोटभर अंतरात, याचं कारण शोधावं लागतं. इथलं कारण बॅनरचं असू शकतं: फ्लॅशमध्ये काढलेला, डिझाइन करताना उजळ केलेला तो चेहरा, आणि प्रोग्रामने रंग जुळवायचा कितीही प्रयत्न केला तरी त्याचा वर्ण थोडाफार सोबत आलेला.

प्रमाणही फसवतं, ते तीन-चार ठिकाणी. मागून ऊन आलं की कान रक्तासारखा लाल दिसतो, कारण तो पातळ असतो आणि उजेड त्यातून आरपार येतो. म्हणून एकट्या कानावर निकाल देऊ नये, मान आणि हातही मोजावेत. आपल्या फोटोत तिघं एकमेकांशी जुळतात आणि गालच एकटा पडतो, म्हणून आकडा बोलका आहे. उघड्यावरच्या सावलीला आकाशाचा निळा उजेड मिळतो, त्यामुळे सावलीतला भाग निळसर येतो. गळ्यात भगवा दुपट्टा असेल तर हनुवटीखाली नारिंगी झाक पडते. आणि तोंडाला पावडर लावली असेल किंवा हळद लागली असेल, तर प्रमाण खरोखरच वेगळं येणार. लग्नाच्या फोटोत नवरदेवावर ही तपासणी करू नये.

कड: जिथे कातडी ना धड स्पष्ट ना धड पुसट

आता ठिगळाची रेघ बोटाने आखा: कपाळाच्या मध्यावरून कानशिलाकडे, कानासमोरून खाली, जबड्याच्या कडेने हनुवटीपर्यंत. या रेघेवरच्या पट्ट्यात चेहरा विरलेला असतो. अशा ठिकाणी कातडीवरची रंध्रं, तीळ, खुंट अर्धे होतात. दाढीचे खुंट हे सर्वांत चांगलं साक्षीदार. दोन दिवसांची दाढी गालावरून जबड्याखाली गळ्यापर्यंत सलग जाते. आपल्या फोटोत गळ्यावर काळे बारीक खुंट स्पष्ट दिसतात आणि जबड्याच्या वर गाल मात्र एकदम गुळगुळीत. दोन्हींमध्ये आठ-दहा पिक्सेलचा धुरकट पट्टा. कल्ल्यांचंही तसंच. कानासमोरून उतरणारे काळे कल्ले अचानक कापल्यासारखे थांबतात, आणि मिशी पांढरी-करडी. केस काळे, कल्ले काळे, मिशी करडी, असा माणूस असू शकतो. कलप केसांना लावतात आणि मिशी राहून जाते. पण कल्ला मध्येच विरून जाणं कलपाने होत नाही.

जबडा वेगळा पाहा. मूळ माणसाचा चेहरा रुंद आणि नवा अरुंद असेल, तर जुन्या जबड्याची कड नव्या हनुवटीच्या बाहेर उरते आणि दोन समांतर रेघा दिसतात, जणू सावलीची सावली. उलट असेल, म्हणजे नवा चेहरा भरलेला आणि खालची मान सडपातळ, तर गालाचा फुगीर भाग ठिगळाच्या कडेशी सपाट कापला जातो.

आता तो 128 चा आकडा. त्या मापात तयार झालेला चेहरा 210 पिक्सेल रुंद जागेत बसवायचा म्हणजे दीडपटीहून जास्त ताणावा लागतो. म्हणून ठिगळाच्या आतला भाग मऊ येतो, आणि शेजारी कानावरचे केस किंवा शर्टाचं बटण मात्र नीट दिसतं. हे उघडं पडू नये म्हणून अनेक जण चेहरा खुलवणारं दुसरं साधन चालवतात. मग उलटी गंमत होते: पापण्यांचा केस न् केस मोजता येतो आणि त्याच अंतरावरची कॉलरची शिवण पुसट. दोन्ही प्रकार Snapseed च्या `Details` मध्ये `Structure` +100 केलं की वर येतात. कमी उजेडातल्या फोटोत जो दाणेदारपणा असतो, तो मानेवर, भिंतीवर, शर्टावर दिसतो, आणि चेहऱ्याच्या गोलात नसतो.

पण फोनचा ब्युटी मोडही हेच करतो. तो खुंट, रंध्रं, दाणे सगळं पुसतो, आणि तेही फक्त चेहऱ्यावर. कधी चेहरा उजळही करतो. फरक एवढाच, की ब्युटी मोड कानाची ठेवण परकी करत नाही. पोर्ट्रेट मोडमध्ये तर केसांची बाहेरची कड, कान, टोपीचा काठ फोन स्वतःच चुकून पुसट करतो. ती पुसटाई डोक्याच्या बाहेरच्या कडेला असते, ठिगळाची आत कातडीवर. तिसरा घोटाळा फोटो दाबून साठवण्याचा. जेपीजी फोटोत रंग बहुधा उजेडाच्या अर्ध्या बारकाव्याने साठवतात, त्यामुळे काळ्या केसांचा रंग लाल फेट्यात काही पिक्सेल सांडलेला दिसतो. दोन भडक रंग भेटतात तिथली ही सांड सोडून द्या. कातडीला कातडी लागून आहे, तिथली पुसटाई धरा.

कपाळ आणि केसांची रेघ

ठिगळ बहुतेक वेळा कपाळावरच संपतं, आणि कपाळ हे सपाट, उजेडातलं, लपायला जागा नसलेलं मैदान आहे. मूळ माणसाच्या कपाळावर केसांची बट आली असेल, तर वरून येणारे केस भुवयांच्या वर एका पातळीला येऊन विरतात. मूळ माणसाला कपाळाच्या आठ्या असतील, तर त्या वरच्या अर्ध्यात राहतात आणि खालचा अर्धा मुलासारखा साफ होतो. टोपी असेल तर तिच्या काठाची सावली कपाळावरून भुवयांपर्यंत यायला हवी. बदललेल्या फोटोत ती मध्येच फिकी पडलेली सापडते.

आपल्याकडे कपाळावर काही ना काही असतंच, आणि ते तपासणीला फार उपयोगी. कुंकू किंवा टिकली नेमकी ठिगळाच्या कडेवर येते: खालची बाजू गेलेली, रंग कातडीत पसरलेला, कधी फक्त लालसर छटा उरलेली. अष्टगंधाचा टिळा वरून ठळक आणि नाकाच्या दिशेने येता येता पातळ होतो. म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण असतं. ते हिरवट ठिपके ठिगळ पार पुसून टाकतं, पण हातावरचं गोंदण तसंच राहतं. ज्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत हे सगळं गाव जाणतं, तिच्या "फोटोत" ते नसले तर ती मोठी खूण समजावी. चष्म्याची काडी कानापासून निघून गालावर ठिगळाच्या कडेशी वाकते, तुटते किंवा जाडी बदलते. नथ किंवा चमकी ठिगळाच्या आत येते, म्हणून ती डागासारखी होते किंवा जाते. कानातलं आणि मंगळसूत्र मात्र शाबूत.

मान

मानेबाबत दोनच गोष्टी पाहाव्यात, आणि दोन्ही सावकाश. पहिली उजेडाची दिशा. शेडच्या उजव्या बाजूने ऊन येत असेल, तर मानेच्या डाव्या बाजूला सावली, हनुवटीखाली सावलीची तिरपी कड, आणि नाकाची सावलीही डाव्या गालावर पडायला हवी. आपल्या फोटोत मानेवर सावली डावीकडे आहे, शर्टाच्या घड्यांत डावीकडे आहे, टेबलावरच्या ग्लासचीही डावीकडे आहे. नाकाची सावली मात्र दिसतच नाही. चेहरा समोरून सारखा उजळलेला. नवे प्रोग्राम मूळ फोटोतला उजेड बऱ्यापैकी पाळतात, पण एका बाजूने येणारं कडक ऊन असलं की त्यांचा तोल जातो.

दुसरी गोष्ट वयाची आणि अंगकाठीची. पंचावन्न वर्षांच्या भरलेल्या चेहऱ्याखाली आडव्या वळ्या, सैल कातडी अपेक्षित असते. इथे मान सडपातळ, घट्ट, गळ्याची घाटी वर आलेली आणि कानामागून छातीच्या हाडाकडे जाणारा स्नायू ताठ. स्नायू ताठ म्हणजे मूळ माणसाने मान वळवली होती. चेहरा त्याच कोनात वळलेला असेल तर ते बरोबर. चेहरा समोर आणि स्नायू वळलेल्या मानेचा, असं असेल तर ते डोकं त्या मानेवरचं नाही. हा शेवटचा मुद्दा हाताने चिकटवलेल्या डोक्यांत जास्त सापडतो.

निकाल किती जोराने द्यायचा

एका खुणेवर काही म्हणू नये. वेगवेगळ्या कारणांच्या निदान दोन खुणा एकाच रेघेवर जमल्या, तर बोलावं. आपल्या फोटोत कानाची पाळी जुळत नाही, निळ्याचं प्रमाण गालावरच उडी मारतं, खुंट जबड्याच्या रेघेवर विरतात आणि नाकाची सावली गायब आहे. चारही खुणा त्याच लांबट गोलाभोवती जमतात. ब्युटी मोड यातल्या एक-दोन समजावून देतो, उन्हाची रेघ फार तर आणखी एकाचा काही भाग, पाळीचं उत्तर कोणाकडेच नाही. इतक्यावर "चेहरा बदललेला आहे" असं म्हणता येतं. उलट, काहीच सापडलं नाही तर "यात खूण सापडली नाही" एवढंच म्हणावं. चांगल्या हाताने केलेलं काम व्हॉट्सॲपवरून चार वेळा फिरलं की त्याच्या खुणा घासून जातात. "फोटो खरा आहे" हे या तपासणीतून कधीच निघत नाही.

या सगळ्याहून वजनदार एकच गोष्ट असते: मूळ फोटो. तो शोधताना चेहरा वगळा. Google Lens मध्ये फोटो टाकून निवडीचा चौकोन टेबल, शेड आणि शर्ट यांच्यावर आणा. चेहरा आत ठेवला तर शोध भाऊंच्या प्रचाराच्या फोटोंकडे वळू शकतो. मूळ सापडला, तर दोन्ही फोटो एकाच मापाचे करून GIMP मध्ये थरावर थर ठेवा आणि वरच्या थराचा `Mode` बदलून `Difference` करा. जिथे दोन्ही सारखे तिथे जवळपास काळं दिसतं, दाबून साठवल्यामुळे आलेली थोडी भुरभुर सोडली तर. टेबल काळं, बाटली काळी, शर्ट काळा, कान काळे, आणि मधोमध भुवयांपासून हनुवटीपर्यंत लांबट गोल उजळलेला. पोलिसांकडे किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करताना हे चित्र, मूळ फोटो, डॉक्युमेंट म्हणून घेतलेली ग्रुपवरची फाइल आणि ज्या मेसेजमधून ती आली त्याचा नंबर-वेळेसह स्क्रीनशॉट, अशा चार गोष्टी जोडाव्यात. ग्रुपवरचा मूळ मेसेज तोवर "सगळ्यांसाठी डिलीट" करायला सांगू नये.